सीजीएमचा अलार्म दिवसभर बोंबलतोय? सेटिंगमधल्या या चुका टाळा

दंडाला सीजीएमचा, म्हणजे दिवसरात्र साखर मोजून फोनवर आकडा दाखवणारा सेन्सर लावून आठवडा झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. आम्ही जळगावचे, त्यामुळे एप्रिल-मे म्हणजे सगळं घर रात्री गच्चीवर झोपायला. पहाटे चारच्या सुमाराला माझा फोन परत कोकलला, तर पलीकडच्या गादीवरून आजी म्हणाली, "कितलं वाजी राहिनं ते, बंद कर ना भो." तिला काय सांगणार, त्या रात्रीतला तो पाचवा अलार्म होता आणि त्यातल्या बहुतेक वेळा मी काहीतरी चुकीचंच केलं होतं.

मला टाइप वन डायबिटीस आहे, १४ वर्षं झाली इन्सुलिनवर. खाली लिहिलेले आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले, म्हणजे आपल्या लॅबच्या रिपोर्टवर येतात तेच. डोस माझे आहेत, ते उचलू नका, सेटिंगची पद्धत उचला.

पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक: १८० लाच हायचा अलार्म लावणं

ऍप उघडल्यावर ७० ते १८० असा हिरवा पट्टा दिसतो, आणि आपल्याला वाटतं की पट्ट्याबाहेर गेलं की कळायला पाहिजे, म्हणून साखर वर गेल्याचा, म्हणजे हायचा अलार्म पण १८० ला लावून टाकतो. मी तेच केलेलं. पण तो पट्टा म्हणजे टार्गेट आहे, अलार्मची रेघ नाही. इन्सुलिनवाल्या बहुतेक मोठ्या माणसांसाठी डॉक्टर लोकांचं जे ठरलेलं माप आहे, ते म्हणजे दिवसातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ या पट्ट्यात असावा. म्हणजे उरलेल्या वेळात थोडंफार वर जाणं त्या मापातच धरलेलं आहे, आणि अलार्म १८० ला असेल तर त्या धरलेल्या वेळेत पण तो बोंबलत बसणार. सकाळी पोहे खाल्ले की ४०-५० मिनिटांत माझी साखर २१० पर्यंत जाते आणि दोन-अडीच तासांत आपोआप खाली येते, कारण जेवणाआधी घेतलेलं इन्सुलिन आपलं काम करतच असतं. त्या वेळात फोनने चारदा सांगून मी काय करायचं होतं? काहीच नाही. आणि जिथं करण्यासारखं काही नसतं तिथं अलार्म कशाला?

पण प्रश्न नुसत्या कटकटीचा नाही. त्या रात्री काय झालं ते सांगतो. साडेनऊला शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, शेवभाजीवर तर्री बोटभर. भाकरीचं इन्सुलिन नेहमीसारखं घेतलं. आता तेलकट जेवण पोटातून हळू पुढे सरकतं, त्यामुळे साखर लगेच चढत नाही, दोन-तीन तासांनी चढायला लागते आणि बराच वेळ वर राहते. पावणेबाराला अलार्म: २१२. मी झोपेत २ युनिट घेतले. साडेबाराला परत अलार्म: २३८. अरे, उतरत नाही म्हणून अजून २. सव्वाला परत: २४१, वैतागून अजून १. आता गणित बघा, माझं १ युनिट साधारण ३५ ने साखर उतरवतं, म्हणजे ५ युनिटांत १७५. पण जेवणाबरोबर घेतात ते फास्ट इन्सुलिन जोर धरायलाच तास-दीड तास घेतं आणि पुढे तीन-चार तास अंगात असतं. पहिल्या डोसचा असर दिसायच्या आत मी दुसरा आणि तिसरा चढवून बसलो होतो. तीन वाजून चाळीस मिनिटांनी लो, म्हणजे साखर खाली गेल्याचा अलार्म: ५८. घाम फुटलेला, हात थरथरत होते.

म्हणजे अलार्मने मला वाचवलं असं वरवर दिसतं, पण त्या ५८ पर्यंत नेलं कोणी, तर १८० च्या सेटिंगनेच की. २१२ ला एकदा २ युनिट घेऊन झोपलो असतो तर पहाटे दीडशेच्या आसपास उठलो असतो, बस.

दुसरी चूक त्याच रात्रीतली: लोचा अलार्म थांबेपर्यंत खात बसणं

५८ बघून मी ग्लुकोज पावडर घेतली, साधारण १५ ग्रॅम, हे बरोबर होतं. १० मिनिटांनी अलार्म परत वाजला, ५६ दाखवत होता. घाबरून मी परत तेवढीच पावडर आणि वर दोन चिक्क्या खाल्ल्या. सकाळी ७ ला २६४, आणि परत हायचा अलार्म.

झालं काय, तर सेन्सर रक्तातली साखर मोजतच नाही, तो कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, आणि तिथं आकडा पोचायला ५ ते १५ मिनिटं मागेपुढे लागतात. साखर झपाट्याने बदलत असेल तेव्हा हा फरक जास्तच जाणवतो. रक्तात साखर वाढायला लागलेली असते तेव्हा पण सेन्सर जुनाच आकडा दाखवत असतो. म्हणून खाल्ल्यावर १५ मिनिटं थांबायचं आणि फोनकडे न बघता बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघायचं. तिथं पण ७० च्या खाली असेल तरच परत १५ ग्रॅम. जुना ग्लुकोमीटर माळ्यावर टाकून दिला असेल तर खाली काढा, पट्ट्यांची तारीख बघून घ्या. ही सगळी गोष्ट शुद्धीवर असलेल्याची बरं का, गिळता येत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

मग सेटिंग केलं कसं

दुसऱ्या दिवशी रविवार होता. वही घेतली आणि ऍपमध्ये जाऊन मागच्या २४ तासांचे अलार्म मोजले. १९ निघाले. ९ हायचे, ४ "साखर वेगाने वाढतेय" वाले, ३ सिग्नल गेल्याचे, ३ लोचे. त्यातल्या किती अलार्मवर मला खरंच उठून काही करायची गरज होती? एक. तो ५८ चा.

आधी हायचा अलार्म २८० वर नेला आणि दोन आठवडे तिथंच ठेवला. वाटते भीती, पण या दिवसांत मुद्दा एकच होता की माझी साखर जेवल्यावर नेहमी कुठपर्यंत जाते ते बघायचं. मग रिपोर्टमधला तो २४ तासांचा ग्राफ काढला, ज्यात सगळे दिवस एकावर एक ठेवून मधोमध एक जाड रेघ आणि आजूबाजूला पट्टे असतात. माझी बहुतेक जेवणं २१० ते २३० ला टेकून परत येत होती. म्हणून अलार्म २५० ला आणला. आता वाजला तर त्याचा अर्थ असतो, एक तर इन्सुलिन घ्यायचं विसरलो किंवा सुई नीट लागली नाही किंवा मग वरण-बट्टी तुपात बुडवून खाल्लीय. दिवसातून एकदा वाजतो, कधी वाजतच नाही. जेवणाआधी १५ मिनिटं इन्सुलिन घ्यायची सवय लागल्यावर तेच टोक खाली आलं, मग डॉक्टरांना दाखवून २३० केला. असं पायरी-पायरीने उतरायचं, एकदम १८० वर उडी नाही. २५० च्या वर बराच वेळ चिकटून राहत असेल आणि मळमळ, उलटी असेल तर मात्र सेटिंग खेळत बसू नका, कीटोन तपासा आणि डॉक्टरला फोन लावा.

परत वाजायचा वेळ पण बदलला. हायसाठी आता २ तास, कारण त्याआधी वाजून उपयोग नाही, मागचा डोस अजून पोहोचायचाय. काही ऍपमध्ये "इतका वेळ सलग वर राहिली तरच पहिला अलार्म" अशी सोय असते, ती असेल तर नक्की वापरा, पोह्यांचे अलार्म तिथंच गळतात. लोसाठी मात्र १५-२० मिनिटंच ठेवा. वेगाने वाढतेय वाला बंद केला, खाल्ल्यावर साखर वाढणारच की.

लोचा अलार्म ७० ला ठेवलाय. रात्रीपुरता ८० करतो. ज्यांना साखर उतरल्याचं अंगाला कळतच नाही, किंवा घरात एकटेच असतात, त्यांनी दिवसा पण ८० ठेवावा, सेन्सर मागे असतो त्याची भरपाई होते. पण ९०-१०० वर नेऊ नका, तिथं धडधाकट माणसाची साखर पण असते, रात्रभर वाजेल आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही फोनच म्यूट कराल. ५५ च्या आसपासचा अर्जंट लो काही सिस्टिममध्ये बंद करताच येत नाही, आणि ते बरंय. गरोदर बायांचं टार्गेट वेगळं आणि कडक असतं, त्यांनी माझे आकडे लावू नयेत.

आणि नुसत्या मेटफॉर्मिनवर असाल, इन्सुलिन नाही, साखर उतरवणारी दुसरी गोळी नाही, तर हायचा अलार्म बंदच ठेवा हे माझं मत. वाजला तर तुम्ही त्या क्षणाला करणार काय?

खोटे अलार्म

दुपारी जेवून कुशीवर झोपलो होतो, सेन्सर डाव्या दंडाला आणि मी डाव्याच कुशीवर. अलार्म: ६४. बोटाला टोचलं तर ११८. सेन्सरवर अंगाचा भार पडला की तिथलं पाणी दबतं आणि आकडा खोटा खाली जातो. ओळखायचं कसं, तर ग्राफमध्ये सरळ चाललेली रेघ एकदम विहिरीत पडल्यासारखी खाली जाते आणि कूस बदलली की १५-२० मिनिटांत परत वर, मधे ना इन्सुलिन ना मेहनत. दोन-तीनदा असं दिसलं तर पुढचा सेन्सर दुसऱ्या दंडाला किंवा दंडाच्या जरा मागच्या बाजूला लावा. नव्या सेन्सरचा पहिला दिवस पण असाच भरकटलेला असतो, म्हणून मी तो सकाळी लावतो, सुरुवातीचा गोंधळ दिवसा होऊन जातो. खालचा आकडा खोटा वाटला तरी आधी टोचून बघायचं, टोचता येत नसेल तर खरा समजूनच वागायचं.

सिग्नल गेल्याचे तीन अलार्म तर निव्वळ आमच्या गच्चीचे. मी वर, फोन खाली चार्जिंगला, मधे स्लॅब. ब्लूटूथ तिथून पोचत नाही. पॉवर बँक वर नेली, प्रश्न संपला. फोन जवळ असून पण सिग्नल जात असेल तर अँड्रॉइडच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्या ऍपवरचं बॅटरी बचतीचं बंधन काढा, फोनच रात्री ऍपला झोपवत असतो. डू नॉट डिस्टर्बमध्ये पण त्या ऍपला परवानगी दिलीय का ते बघून घ्या, नाहीतर ७०, ८० सगळं बरोबर लावून फोन मात्र गप्प.

राहिली पुण्याची ताई. तिच्या फोनवर माझे आकडे जातात आणि तिने पण सगळेच अलार्म चालू ठेवले होते, पोहे खाल्ले की तिकडून फोन, "काय खाल्लंस रे?" तिच्या बाजूला आता फक्त अर्जंट लो चालू आहे. तो वाजला तर ती आधी मला फोन करते, मी उचलला नाही तर आईला, आणि आई उचलत नसेल तर शेजारच्या काकूंना.