'किचनचा रेट काय?' या मेसेजनंतर काय लिहायचं

इंटिरिअरच्या कामात नवीन असलेल्यांना या मेसेजचा फार मोह पडतो. लगेच वीस फोटो, रेटकार्ड आणि 'कधी भेटूया?' असं सगळं एकदम पाठवलं जातं. समोरून अंगठा येतो आणि पुढे शांतता. ज्याने कुणाकडे तरी आपलं काम बघून नंबर घेतला आहे, त्याला पटवायची गरज नसते. त्याच्या घराचं काम कुठवर आलंय ते कळलं, की कधी आणि काय लिहायचं ते आपोआप ठरतं.

कळंब्यातल्या एका टू बीएचकेचं उदाहरण सांगते. मैत्रिणीच्या वास्तुशांतीत माझं काम बघून एका ताईंनी हाच प्रश्न पाठवला होता. मी लिहिलं, "नमस्कार ताई. किचन आणि दोन वॉर्डरोब धरले तर अशा फ्लॅटचं काम साधारण साडेतीन ते साडेचार लाखांत बसतं, मटेरिअलवर कमी-जास्त होतं. ताबा कधी मिळतोय?" आकडा लपवू नये. लपवला की माणूस आणखी चार ठिकाणी विचारतो. पण आकड्याबरोबर एकच प्रश्न जावा, आणि तो तारखेचा असावा.

उत्तर आलं : दसऱ्याच्या आसपास, आता भिंतींना झिरी मारून वायरिंगचे पाइप टाकताहेत. माझ्यासाठी महत्त्वाचं होतं ते हे दुसरं वाक्य. प्लास्टर आणि टाइल्स झाल्यावर पॉइंट हलवायचा तर तोडफोड आलीच. म्हणून मी बिल्डरचा प्लॅन मागवला आणि त्यावर लाल पेनाने तीन खुणा करून फोटो पाठवला : फ्रिज भिंतीला चिकटून आहे, दार पूर्ण उघडणार नाही. मायक्रोवेव्हला वेगळा सोळा अँपिअरचा पॉइंट हवा. चिमणीच्या पाइपला सहा इंची भोक टाइल्सच्या आधी पाडून घ्या. खाली एवढंच, "काम कुणालाही द्या, पण हे बिल्डरला आत्ताच सांगा."

तीन खुणा, पूर्ण डिझाइन नाही. इथे नवीन मुलं उत्साहात थ्रीडी करून पाठवतात आणि तेच चित्र दुसऱ्या सुताराच्या हातात जातं. चुका टाळणारं फुकट सांगावं. मापं, आतली मांडणी आणि मटेरिअलची यादी पैसे घेतल्यावरच द्यावी.

त्यानंतर बरेच दिवस काही आलं नाही. ताई माझे स्टेटस बघत होत्या. स्टेटस बघितलं म्हणून लगेच मेसेज टाकू नये. माणसाला आपल्यावर कुणी नजर ठेवून आहे असं वाटतं. त्यात पितृपक्ष लागला होता. त्या पंधरवड्यात आपल्याकडे बरीच घरं नवीन काम ठरवत नाहीत, मग 'काय ठरलं?' विचारून फक्त अवघडलेपण येतं. मी बिझनेस व्हॉट्सॲपवर त्यांना 'टाइल्स' असं लेबल लावून ठेवलं. नवरात्रात लिहिलं, "टाइल्स लागल्या का? ओट्याची उंची ठरवताना घरात जास्त स्वयंपाक कोण करतं ते बघा. कोपरापेक्षा चार-पाच इंच खाली ओटा असला की खांदे भरून येत नाहीत." सुरुवातीला प्रश्न होता, पण त्याचं उत्तर माझ्या कामाबद्दल द्यायचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी साइटचे फोटो आले आणि सोबत दुसऱ्याचं कोटेशन : "हे तुमच्यापेक्षा बरंच कमी आहे." इथे रेट पाडू नये आणि दुसऱ्याला नावंही ठेवू नयेत. मी तीन गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या. रेट रनिंग फुटाचा आहे की स्क्वेअर फुटाचा? ट्रॉल्या आणि चॅनेल त्यात धरलेत का? सिंकखाली कुठला प्लाय आहे? आपल्या पावसाळ्यात आणि सिंकच्या ओलीत साधा एमआर प्लाय फुगतो. तिथे आयएस ७१० चा मरीन प्लाय लागतो, तो शिक्का प्लायवर बघता येतो. उत्तरं मिळाल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की त्या कोटेशनमध्ये ट्रॉल्या नव्हत्याच.

माणूस तयार झाला हे त्याच्या प्रश्नांवरून ओळखावं. रेट विचारणं थांबतं आणि 'आमचा मिक्सर कुठे बसेल?', 'सासूबाईंचा देव्हारा हलवायचा नाही' असं सुरू होतं. घरातला दुसरा माणूस चॅटमध्ये किंवा फोनवर आला तर आणखी चांगलं. तेव्हाच मी लिहिलं, "शनिवारी सकाळी किंवा रविवारी चारनंतर माप घ्यायला येऊ शकते. मापाची फी काम दिलंत तर बिलातून वजा." ताईंनी रविवार सांगितला, साहेबांना सुट्टी असते म्हणून.

उलट, दोन उपयोगी मेसेजना नुसतं 'ओके' आलं तर मी एकदाच लिहिते, "तुमचं काम दुसरीकडे ठरलं असेल तर मोकळेपणाने सांगा, मी यादीतून नाव काढते." बरेचदा 'हो, ठरलं' असं स्पष्ट उत्तर येतं. काहीच आलं नाही, तर त्या नंबरवर पुन्हा लिहीत नाही.