साग आत्ता तोडू की ५ वर्षं थांबू?

व्यापारी आज उभ्या सागाचे ६ लाख देतोय आणि ५ वर्षांनी ९ लाख येतील असं वाटतंय, तर ३ लाख फायदा धरून थांबू नका. आधी ते ९ लाख आजच्या किमतीत आणा. तुमचा पैसा दुसरीकडे ८ टक्क्यांनी वाढत असेल तर ९ लाखाला १.०८ ने पाच वेळा भागा, येतात साधारण ६.१३ लाख, म्हणजे खरा फायदा फक्त १३ हजार! त्यातून राखण, वणव्याची जाळरेषा वगैरे वर्षाला १० हजार धरले तर आजच्या किमतीत ४० हजार गेले, म्हणजे उलट तोटाच, आणि जमीन अडकून नवीन लागवड लांबते ते वेगळंच.

पण छातीच्या उंचीवर टेपने घेर मोजा. बरीच झाडं वरच्या घेराच्या गटात जायच्या बेतात असतील तर घनफुटाचा दरच वाढतो, मग १० लाख धरले तर आजचे ६.८ लाख, खर्च जाऊन ६.४, तेव्हा मात्र थांबाच. दोन वर्षं घेर फारसा वाढला नसेल तर विरळणी करून बघा, नाहीतर तोडा.