भट्टीच्या भोकातून किती उष्णता जाते, हे कसं काढायचं

आमच्या हीट ट्रीटमेंट शॉपमधल्या एका जुन्या शीटवर पीप-होलचा, म्हणजे आत डोकावायच्या भोकाचा, लॉस काढताना विटेची उत्सर्जकता 0.5 घेतली होती, म्हणजे पूर्ण काळ्या वस्तूच्या निम्मी उष्णता ती किरणांनी सोडते असं धरलं होतं. वरवर ते बरोबर वाटतं, कारण भिंत विटेचीच आहे. पण भोकात वीट नसतेच. तिथून बाहेर येतो तो आतल्या पोकळीचा प्रकाश. भिंतीवरून निघालेला किरण आत चार-पाच वेळा आपटतो आणि दर आपटीला त्यात नव्या उष्णतेची भर पडते. म्हणून भोक जवळजवळ पूर्ण काळ्या वस्तूसारखं वागतं, वीट कितीही फिकट असो.

किती जवळजवळ, ते या सूत्राने कळतं:

```
ε_eff = 1 / (1 + (Ao/Aw) × (1/ε − 1))
```

ε_eff म्हणजे भोकाची परिणामी उत्सर्जकता, Ao म्हणजे भोकाचं क्षेत्रफळ, Aw म्हणजे भोक वगळून आतल्या सगळ्या भिंतींचं, आणि ε म्हणजे विटेची स्वतःची उत्सर्जकता.

आपली भट्टी घेऊ. आतून 1 मीटर खोल, 0.8 रुंद, 0.6 उंच, म्हणजे आतला पृष्ठभाग सुमारे 3.75 चौ.मी. पीप-होल 115 मिमी व्यासाचं, म्हणजे 0.0104 चौ.मी. गुणोत्तर 0.003 च्या आत येतं, आणि ε 0.5 धरूनही उत्तर 0.997. सरळ 1 धरा. आरपार नसलेल्या खोल भोकालाही हाच नियम लागतो. 20 मिमी व्यासाचं आणि 120 मिमी खोल बंद भोक असेल, तर गुणोत्तर 1/25 पडतं आणि उत्तर सुमारे 0.96. पण त्या भोकाचा तळ आणि बाजू एकाच तापमानाला असल्या पाहिजेत. भट्टीच्या बाहेरून पाडलेल्या भोकात तसं नसतं, कारण तोंडाकडची बाजू गार असते.

भट्टी खरंच एकसारखी तापली आहे का, हे डोळ्यांनीही कळतं. योग्य रंगाचा चष्मा लावून पीप-होलमधून पाहा. भट्टी पूर्ण एकसारखी तापली असेल तर विटांचे सांधे आणि जॉबच्या कडा दिसेनाशा होतात, सगळीकडे एकच रंग भरलेला वाटतो. जॉब काळपट, वेगळा दिसत असेल तर वरचं सूत्र अजून लावू नका, लॉस त्यापेक्षा कमी असेल.

आता तापमान. 1000 अंश सेल्सिअस म्हणजे 1273 केल्विन. हा केल्विनचा टप्पा चुकवणारे लोक मी पाहिले आहेत. 5.67 × 10⁻⁸ ला 1273 च्या चौथ्या घाताने गुणलं की दर चौ.मी. 149 किलोवॅट येतात. शॉपमधल्या 30 अंशांकडून परत येणारी उष्णता अर्धा किलोवॅटही नाही, तेवढी वजा करा. हिशेब चौथ्या घाताचा असल्यामुळे 1200 अंशांना हाच आकडा 267 होतो.

भोकाच्या क्षेत्रफळाने गुणलं की 1.54 किलोवॅट. इथेच थांबलात तर उलटी चूक होते, कारण भिंतीला जाडी आहे. आतून तिरक्या निघालेल्या किरणांपैकी बरेच भोकाच्या बाजूंवर आपटतात. बाजू तापून ते पुन्हा सोडतात, पण काही बाहेर तर काही परत आत. गोल भोकासाठी बाहेर पोचणारा वाटा असा: जाडी व्यासाच्या पाव असेल तर 0.80, निम्मी असेल तर 0.67, व्यासाएवढी असेल तर 0.51, दुप्पट असेल तर 0.36. आपली भिंत 230 मिमी, म्हणजे बरोबर दुप्पट. 1.54 ला 0.36 ने गुणा: 0.55 किलोवॅट. रोज 16 तास, महिन्याला 26 दिवस धरले तर इलेक्ट्रिक भट्टीवर सुमारे 230 युनिट.

हा फक्त किरणांचा हिशेब आहे. भोकातून ज्वाला बाहेर येत असेल किंवा कागदाची पट्टी आत ओढली जात असेल, तर हवेची ये-जा सुरू आहे. तो लॉस वेगळा काढावा लागतो आणि तो या आकड्यापेक्षा मोठाही असू शकतो. भोकावर झुलतं झाकण किंवा सिरॅमिक ब्लँकेटचा बूच बसवला की दोन्ही लॉस बरेच आटोक्यात येतात.

दार उघडलं की मात्र गणित बदलतं. 0.8 × 0.6 मीटरच्या तोंडासमोर भिंतींचं क्षेत्रफळ फार मोठं राहत नाही, त्यामुळे ε_eff 0.87 वर येतो. जाडीचा वाटा इथे साधारण 0.75. दोन्ही एकत्र धरले तर सुरुवातीला 48 किलोवॅट जातात, म्हणजे मिनिटाला 0.8 युनिट. आतला पृष्ठभाग गार होईल तसा हा वेग उतरतो, पण जॉब काढताना गेलेलं ते पहिलं एक मिनिट म्हणजे पीप-होलचा जवळपास दीड तास.