मेहुणा म्हटलं की दोघं उठतात : सासरच्या नात्यांत या चुका टाळा

मोबाईलवर नात्यांचे तक्ते फिरतात. जाऊ म्हणजे नवऱ्याच्या भावाची बायको, नणंद म्हणजे नवऱ्याची बहीण वगैरे. तक्ता बरोबरच असतो. पण तो पाठ करून आलेली नवी सून स्वयंपाकघरात "नणंद, इकडे या ना" म्हणते आणि चुलीजवळच्या बाया पदरात तोंड घालून हसतात. नणंद, जाऊ, दीर, भासरा, साळा ही नाती सांगायची नावं आहेत. तोंडावर हाक मारायची ती वेगळी. मोठ्या नणंदेला ताई, धाकटीला नावानं. मोठ्या जावेला ताई किंवा जाऊबाई, धाकटीला पुन्हा नाव. दिराला भाऊजी. यात वहिनी तेवढी सोयीची, नातंही तेच आणि हाकही तीच. आमच्या खेड्यांत तिची "वयनी" होते, तेही चालतं.

सगळ्यात जास्त घोळ मेहुण्यात होतो. बहिणीचा नवराही मेहुणा आणि बायकोचा भाऊही मेहुणा. एरवी कुणाचं काही अडत नाही, पण लग्नात मानाची टोपी आणि दुपट्टा द्यायची वेळ आली की अडतं. यवतमाळकडच्या एका लग्नात नवरदेवाकडच्या मांडवात माईकवाल्या पोरानं पुकारलं, "आता मेहुण्यांनी समोर यावं." दोघं उठले. एक नवरदेवाचा मामा, म्हणजे नवरदेवाच्या बापाचा साळा. दुसरा आत्याचा नवरा, त्या घरचा थोरला जवाई. मामा स्टेजजवळच बसला होता, त्यानं दोन पावलांत गाठलं आणि पहिली टोपी त्याच्या डोक्यावर गेली. जवाई अर्ध्या वाटेतून वळला आणि बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन बसला. पंगत बसली तरी उठेना. समजावायला गेलेल्यांना एकच उत्तर : "मले बोलावलं, तं मी उठलो. आता मी कोण हाये, हे तुमीच सांगा." शेवटी नवरदेवाचा बाप स्वतः दुपट्टा घेऊन ट्रॉलीपाशी गेला तेव्हा कुठं तो जेवला. तोवर वरण थंड झालं होतं आणि आत्या रडून बसली होती.

रागाचं कारण साधं आहे. ज्या घरी आपली मुलगी दिली त्या घराचा मान आधी, आणि ज्या घरून मुलगी आणली ते घर आपलं मान राखणारं, ही आपल्याकडची रीत. मेहुणा या एकाच शब्दात ही दोन्ही घरं येतात. म्हणून मी माईकवर तो शब्द काढूच देत नाही. नवरदेवाच्या तोंडचं नातं पुकारायचं : "नवरदेवाचे आतोबा", "नवरदेवाचे मामा". दोघांचं उठणं बंद होतं. घरात बोलतानाही बायकोचा भाऊ तो साळा आणि बहिणीचा नवरा तो जवाई किंवा भाऊजी, असं वेगळं बोलणारी माणसं आमच्याकडे कमी नाहीत. फक्त साळ्याला तोंडावर "साळ्या" म्हणू नका, नावानं किंवा भाऊ म्हणा.

दुसरी चूक वयाची. समजा, मोठा भाऊ उशिरा लग्न करतो. त्याची बायको चोवीस वर्षांची. धाकट्या भावाचं लग्न आधीच झालंय, त्याची बायको तीस वर्षांची. आता मोठी जाऊ कोण? चोवीस वर्षांची. तीस वर्षांचीनं तिला ताई म्हणायचं, कारण जावेचा दर्जा नवऱ्याच्या मागं चालतो. वहिनीचंही तसंच. मोठ्या भावाची बायको माझ्यापेक्षा लहान असली तरी ती वहिनीच, नावानं हाक मारायची नाही. "पण ती तर माझ्याहून लहान आहे" हा शहरी वाद मी ऐकून घेतो आणि सोडून देतो.

पश्चिमेकडून आलेल्या सुना आणखी एक गडबड करतात. नवऱ्याच्या प्रत्येक भावाला त्या दीर म्हणतात. आमच्याकडे धाकटा तो दीर, थोरला तो भासरा. दिराशी थट्टामस्करी चालते. भासऱ्यापुढं जुन्या घरांत अजूनही डोक्यावर पदर येतो आणि त्याचं नाव घेतलं जात नाही. त्याला दादा म्हणायचं की भाऊजी, हे घराघराचं वेगळं असतं. आधीच्या सुना काय म्हणतात ते दोन दिवस कान देऊन ऐका, तक्ता बघू नका.

साडू : बायकोच्या बहिणीचा नवरा. नावानं बोलवा, काही होत नाही.

सरसकट "भाभी" म्हणून वेळ मारून नेणाऱ्यांना एवढंच, नागपूरच्या बसमध्ये ते चालून जाईल. घरात वहिनी, ताई आणि जाऊबाई तिघी एकाच ओट्यावर बसलेल्या असताना "भाभी, चहा" म्हणून बघा, चहा कोण आणतं ते.