‘तो मला फसवतोय का?’ हे टॅरोला विचारण्याआधी
‘तो मला फसवतोय का?’ असं टॅरोच्या पत्त्यांना विचारलं आणि सेव्हन ऑफ सोर्ड्स हा पत्ता निघाला, की काळजात धस्स होतं. चित्रात छावणीतून पाच तलवारी घेऊन चोरपावलांनी निघालेला माणूस असतो. पण हाच पत्ता लपवलेलं कर्ज, नोकरी सोडायचा बेत किंवा तुम्हीच गिळून टाकलेली शंका असाही वाचतात. यातलं खरं कोणतं, ते पत्त्यावरून कळत नाही. चित्र पाहून तुमच्याच मनातली भीती वर येते, त्याच्या मनातलं काही दिसत नाही. म्हणून प्रश्नाचा कर्ता बदला: ‘माझा विश्वास नेमका कशानं डळमळला?’ उत्तरात ‘हल्ली तो फोन पालथा ठेवतो’ असं काही सुचलं, तर तेवढंच त्याला शांतपणे विचारा. मनाजोगता पत्ता येईपर्यंत पुन्हा पुन्हा पिसत बसू नका.