रात्री दोन वाजून दहा मिनिटांची आवक कोणत्या आर्थिक वर्षात धरायची?

सांगली-तासगाव पट्ट्यातील बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी आवक-जावकीचा प्रोग्राम लिहायचा आहे, असे समजा. फेब्रुवारी ते एप्रिल या हंगामात मालाच्या गाड्या रात्री-अपरात्रीही येतात. १ एप्रिल २०२५ रोजी पहाटे दोन वाजून दहा मिनिटांनी एक गाडी आली, बॉक्स उतरले आणि फाटकावरच्या कारकुनाने आवकेची नोंद केली. सकाळी मालकांनी पावती पाहिली, तर तिच्यावर ३१ मार्च, रात्री ८ वाजून ४० मिनिटे अशी वेळ छापलेली होती. माल जुन्या आर्थिक वर्षात गेला, मार्चअखेरच्या साठ्याचा ताळा चुकला आणि भाडे मार्चपासून मोजले गेले. सांगलीत या प्रकारचे प्रोग्राम लिहिण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी बराच काळ करत आलो आहे. नव्याने या कामात येणाऱ्यांना मी हेच उदाहरण प्रथम सोडवायला देतो, कारण तारीख आणि वेळ हाताळताना ज्या गोष्टी कळायला हव्यात, त्यांतील बहुतेक या एका पावतीत सापडतात.

ही चूक होते कशी, ते आधी पाहू. नोंद करताना प्रोग्रामने `datetime.now()` असे विचारले आणि उत्तरात मिळालेली वेळ जशीच्या तशी डेटाबेसात टाकली. हे फंक्शन ज्या यंत्रावर चालते, त्या यंत्राची स्थानिक वेळ देते. ती वेळ कोठली आहे, हे मात्र सांगत नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर भारतीय प्रमाणवेळ असते, म्हणून तेथे सर्व चाचण्या बिनचूक होतात. भाड्याने घेतलेला क्लाउडवरील सर्व्हर मात्र बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक समन्वित वेळेवर, लावलेला असतो. भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे आपल्याकडे १ एप्रिलची पहाट झालेली असताना सर्व्हरच्या घड्याळात ३१ मार्चची रात्र चालू असते. पहाटे साडेपाचनंतर आलेल्या गाड्यांची तारीख बरोबर उमटते, फक्त तास चुकतो. आणि पावतीवरचे तास कोणी फारसे पाहत नसल्यामुळे ही चूक आठवडेच्या आठवडे कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा वेळी बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे सर्व्हरचे घड्याळच भारतीय वेळेवर लावणे. हा उपाय करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घड्याळ बदलण्याआधीच्या नोंदी यूटीसीत राहतात, नंतरच्या भारतीय वेळेत पडतात आणि कोणती नोंद कोणत्या वेळेतील आहे, हे त्या नोंदीकडे पाहून सांगता येत नाही. ऐन हंगामात आवकेच्या यादीत कोठेतरी साडेपाच तासांची मोकळी जागा दिसली, आधी आणि नंतर मात्र गाड्यांची रांग लागलेली असली, तर त्या ठिकाणी कोणीतरी घड्याळ बदलले आहे, असे खुशाल समजावे. पुढे सर्व्हर बदलला की हाच खेळ पुन्हा सुरू होतो.

योग्य मार्ग असा की, घडून गेलेल्या घटनेचा क्षण यूटीसीत साठवावा आणि माणसाला दाखवताना त्याच्या गावच्या वेळेत बदलून दाखवावा. पायथनमध्ये हे असे दिसते:

```python
from datetime import datetime, timezone
from zoneinfo import ZoneInfo

IST = ZoneInfo("Asia/Kolkata")

arrived = datetime.now(timezone.utc)   # साठवताना
print(arrived.astimezone(IST))         # दाखवताना
```

येथे `now` ला `timezone.utc` दिल्यामुळे मिळालेल्या वेळेला तिचा टाइमझोन चिकटलेला असतो. सर्व्हर कोठेही असो, त्याचे घड्याळ कोणत्याही टाइमझोनमध्ये लावलेले असो, क्षण तोच राहतो. डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर कॉलमचा प्रकार `timestamptz` ठेवावा. या नावावरून टाइमझोनही साठवला जातो, असा समज होतो, पण तसे नाही. आलेली वेळ यूटीसीत बदलून तेवढीच साठवली जाते. साधा `timestamp` मात्र आकडे जसे आले तसे ठेवतो आणि आपल्या पावतीचा घोटाळा तेथेच पक्का होतो.

येथवर बरेच जण पोहोचतात. खरी अडचण यानंतर येते. साठवण यूटीसीत झाली, पण मालकांना हवा असतो दिवसाचा आवक-अहवाल, आणि दिवस ही गोष्ट यूटीसीत नसून सांगलीत असते. १ एप्रिलचा भारतीय दिवस यूटीसीत ३१ मार्चच्या १८:३० ला सुरू होतो आणि १ एप्रिलच्या १८:३० ला संपतो. अहवालात नुसते `date(arrived_at)` लिहून गट पाडले, तर पोस्टग्रेस त्या जोडणीला लागू असलेल्या टाइमझोननुसार तारीख काढतो. ती जोडणी यूटीसीवर असेल, तर पहाटे दोन-दहाची गाडी पुन्हा मार्चमध्ये जाऊन बसते. साठवण शुद्ध असूनही अहवाल चुकतो, म्हणून नवखी मुले येथे गोंधळतात आणि यूटीसीलाच दोष देतात. दिवसाच्या दोन्ही कडा स्पष्ट सांगितल्या की प्रश्न सुटतो:

```sql
SELECT count(*) FROM inward
WHERE arrived_at >= '2025-04-01 00:00 Asia/Kolkata'
  AND arrived_at <  '2025-04-02 00:00 Asia/Kolkata';
```

दुसऱ्या अटीत `<=` आणि २३:५९:५९ असे लिहिण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी, कारण त्या शेवटच्या सेकंदाच्या पोटात पडलेल्या नोंदी गळतात. पुढच्या दिवसाच्या आरंभापेक्षा लहान, असे म्हटले की काहीही सुटत नाही.

चूक कोठे झाली असावी, हे बहुधा फरकाच्या आकड्यावरून कळते आणि हा आकडा वाचण्याची सवय मला फार मोलाची वाटते. वेळ नेमकी साडेपाच तासांनी मागे दिसत असेल, तर दाखवताना बदलायचे राहिले आहे. ती साडेपाच तासांनी पुढे असेल, तर मुळात भारतीय असलेली वेळ यूटीसी समजून बदलली गेली आहे. फरक अकरा तासांचा असेल, तर हाच बदल दोनदा जास्त झाला आहे. एकदा सर्व्हरवर आणि एकदा ब्राउझरमध्ये, असे पुष्कळदा आढळते. आणि डेटाबेसात `T18:30:00.000Z` असा शेवट असलेल्या नोंदींची रांग दिसली, तर कोणीतरी नुसत्या तारखेला मध्यरात्रीची वेळ जोडून ती यूटीसीत बदलली आहे. शेतकऱ्याची जन्मतारीख १४ जून असताना ती १३ जून छापली जाते, ती याच वाटेने. जन्मतारीख, बिलाची तारीख, हप्त्याची मुदत या गोष्टी क्षण नसून कॅलेंडरवरचे दिवस आहेत. त्यांना `date` याच प्रकारात ठेवावे आणि टाइमझोनच्या वाटेला पाठवूच नये.

आता कोणी विचारेल की, सगळे ग्राहक सांगली जिल्ह्यातले असतील, तर सरळ भारतीय वेळच साठवली तर काय बिघडते? भारतात आज एकच टाइमझोन आहे आणि उन्हाळी वेळ पाळली जात नाही, म्हणून देशापुरत्या नोंदी, टाइमझोन नीट लिहून ठेवला तर, तशाही निभावतात. पण बेदाणा आणि द्राक्षे युरोपात जातात आणि तेथील घड्याळ वर्षातून दोनदा सरकते. नेदरलँड्समध्ये २६ ऑक्टोबर २०२५ रोजी पहाटे तीन वाजता घड्याळे एक तास मागे नेली गेली, म्हणजे त्या रात्री दोन ते तीन हा तास दोनदा आला. समजा, रॉटरडॅममधील गोदामात तापमान नोंदणारे यंत्र स्थानिक वेळ लिहिते आहे. त्याने २:३० ला शीतकरण बंद पडल्याची नोंद केली आणि २:१० ला ते पुन्हा सुरू झाल्याची. वजाबाकी केली तर माल उणे वीस मिनिटे उघडा पडला, असे उत्तर येते. पहिले २:३० उन्हाळी वेळेतले, म्हणजे यूटीसीत ००:३०. दुसरे २:१० हिवाळी वेळेतले, म्हणजे यूटीसीत ०१:१०. खंड चाळीस मिनिटांचा होता. नुसती स्थानिक वेळ हाती असेल, तर ही दोन्ही उत्तरे नंतर कोणालाही खात्रीने काढता येत नाहीत, कारण ती माहिती नोंदतानाच हरवलेली असते. घडलेल्या गोष्टी यूटीसीत साठवण्याचे माझ्या मते सर्वांत भक्कम कारण हेच आहे: यूटीसीत कोणताही तास दोनदा येत नाही आणि कोणताही तास गाळलाही जात नाही.

मार्चमध्ये याच्या उलट घडते आणि ते नेमके द्राक्षांच्या हंगामात येते. युरोपीय संघातील देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी यूटीसी ०१:०० ला घड्याळे एक तास पुढे जातात. २०२६ साली तो रविवार २९ मार्चचा आहे. रॉटरडॅमच्या सकाळी नऊला आपल्याकडे २८ तारखेपर्यंत दुपारचे दीड वाजलेले असतात आणि २९ तारखेपासून साडेबारा. ज्यांनी प्रोग्राममध्ये साडेचार तासांचा फरक आकड्याने लिहून ठेवलेला असतो, त्यांचे वेळापत्रक त्या दिवसापासून एक तासाने चुकते. म्हणून फरक न लिहिता `Europe/Amsterdam` असे क्षेत्राचे नाव द्यावे आणि नियम टाइमझोनच्या डेटाबेसावर सोडावेत. तो डेटाबेस अद्ययावत ठेवणे मात्र आपले काम आहे, कारण सरकारे नियम बदलतात: मेक्सिकोने २०२२ साली देशाच्या बहुतेक भागांत उन्हाळी वेळ बंद केली, तर सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच कॅलेंडरातून वगळला.

याच कारणाने यूटीसीचा नियम भविष्यातील ठरलेल्या वेळांना जसाच्या तसा लावू नये. खरेदीदाराने पुढील वर्षी अमुक दिवशी सकाळी नऊला कंटेनर उतरवायचा ठरवला असेल, तर करार तेथील घड्याळातल्या नऊशी झालेला आहे. ती वेळ आजच यूटीसीत बदलून ठेवली आणि मधल्या काळात तेथील नियम बदलला, तर साठवलेला क्षण तेथील आठ किंवा दहा दाखवू लागेल. अशा नोंदीत स्थानिक तारीख-वेळ आणि क्षेत्राचे नाव या दोन्ही गोष्टी ठेवाव्यात आणि यूटीसी क्षण त्यांच्यापासून दर वेळी नव्याने काढावा. कंटेनर प्रत्यक्ष उतरला की तो क्षण मात्र यूटीसीत जातो.

काम सोपवण्याआधी मी एक चाचणी सक्तीची ठेवतो. लॅपटॉपवर `TZ=UTC` लावून एकदा आणि `TZ=America/New_York` लावून एकदा, असा तोच चाचणीसंच चालवायचा. त्या संचात १ एप्रिलच्या पहाटे दोन-दहाची आवक, रात्री ११ वाजून ५९ मिनिटांची आवक, एक जन्मतारीख आणि २६ ऑक्टोबरच्या रात्रीच्या त्या दोन नोंदी असाव्यात. दोन्ही वेळी पावत्या आणि अहवाल अक्षरशः सारखे आले, तरच तो प्रोग्राम ग्राहकाकडे जातो.