पाकिटावरचं ‘फिल्टर’ म्हणजे आपलं फिल्टर नव्हे

मेलबर्नला नव्याने आलेल्या बऱ्याच मराठी घरांत दोन-तीन महिन्यांनी हा प्रश्न येतोच. येताना माटुंग्यातून घेतलेलं स्टीलचं कॉफी फिल्टर बॅगेत घालून आणलेलं असतं, सोबतची पूड संपते, मग पुढे काय? भारतीय दुकानात चिकोरी घातलेली पाकिटं मिळतात, पण इतक्या लांबून आलेल्या पुडीचा वास बराचसा उडालेला असतो. इथे ब्रन्सविक, कॉलिंगवूड अशा भागांत कॉफी भाजणाऱ्या रोस्टरी आहेत. आठवड्यापूर्वी भाजलेल्या बिया हातात मिळतात. तिथे जायला आपले लोक बिचकतात, आणि गेलेच तर माझ्यासारखी चूक करून येतात.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा फळीवर दोन प्रकारची पाकिटं होती. काहींवर ‘एस्प्रेसो’ लिहिलेलं, काहींवर ‘फिल्टर’. आमच्याकडे फिल्टर, म्हणून मी ‘फिल्टर’चं पाकीट उचललं. इथिओपियाची कॉफी होती, दळून घेतली, घरी आणली. डिकॉक्शन चहासारखं पातळ उतरलं. गरम दुधात घातल्यावर इतकं आंबट लागलं की दूध नासलं असं वाटून मी ते ओतून दिलं आणि नवीन दूध तापवलं. दुधाचा काहीच दोष नव्हता.

इथल्या पाकिटावरचं ‘फिल्टर’ म्हणजे कागदाच्या गाळणीवर वरून पाणी ओतून केलेली, बिनदुधाची कॉफी. तिच्यासाठी बिया हलक्या भाजतात, म्हणजे फळासारखा आंबटगोडपणा टिकतो. कोऱ्या कॉफीत तो छानच लागतो, पण दुधात खटकतो. शिवाय हलकी भाजलेली बी कडक असते, तिचा अर्क सहज सुटत नाही. आपल्या फिल्टरमध्ये थोडंसं पाणी एकदाच ओतायचं आणि ते निवता निवता खाली थेंबथेंब उतरणार. अशा पाण्याला जास्त भाजलेली, ठिसूळ झालेली बीच दाद देते. म्हणून स्टीलच्या फिल्टरसाठी सुरुवात ‘एस्प्रेसो’च्या फळीपासून करा. तेवढ्यानेही काम होत नाही, कारण इथल्या काही एस्प्रेसो बियासुद्धा मध्यमच भाजलेल्या आणि आंबटसर असतात. तिथे विचारावंच लागतं.

शनिवारी सकाळी जाऊ नका, रांग असते आणि कोणालाच बोलायला फुरसत नसते. मधल्या वारी दुपारी दोनच्या सुमारास जा. फार उशीरही नको, इथले कॅफे तीन-चारलाच बंद होतात. आणि फिल्टर पिशवीत घालून सोबत न्या. हे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगते. ‘साउथ इंडियन फिल्टर’ म्हटल्यावर समोरच्याला चित्र दिसेलच असं नाही. वरचं भांडं उजेडाकडे धरून तळाची भोकं दाखवलीत की त्याला दळण किती बारीक हवं ते लगेच उमगतं.

गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला घेऊन गेले होते. मुलगी काउंटरपाशी जाऊन म्हणाली, “तुमची बेस्ट कॉफी कोणती?” काउंटरवरच्या मुलाने जी सगळ्यात महाग आणि हलकी भाजलेली होती, ती पुढे केली. त्याचं काही चुकलं नाही, प्रश्नच तसा होता. मी तिला म्हटलं, “अगं, आधी आपलं सांग.” मग तिने फिल्टर बाहेर काढलं आणि सांगितलं की यात दाट डिकॉक्शन करतो, एक भाग डिकॉक्शनला तीन भाग दूध घालतो, साखरही घालतो, आणि घरी ग्राइंडर नाही. एवढं ऐकल्यावर त्याने हातातलं पाकीट स्वतःच परत ठेवलं.

पुढे तिने तीन गोष्टी विचारल्या. पहिली, दुधातही चव टिकेल अशी, चॉकलेट आणि दाण्यांच्या वळणाची, फळांच्या वळणाची नव्हे, अशी कोणती आहे? दुसरी, त्यात रोबस्टा आहे का? आपल्याकडच्या फिल्टर कॉफीत अरेबिकाबरोबर बहुधा रोबस्टा असतो, डिकॉक्शनला अंग त्याच्यामुळे येतं. त्या रोस्टरीत रोबस्टा नव्हता, बऱ्याच ठिकाणी ठेवतच नाहीत. त्याऐवजी त्याने ब्राझीलच्या बिया जास्त असलेलं मिश्रण काढलं, तिथलं सगळ्यात जास्त भाजलेलं. तिसरी गोष्ट, भाजून किती दिवस झाले? पाकिटावर तारीख असते, पण तोंडाने विचारा. परवा भाजलेली कॉफी सगळ्यात ताजी, म्हणून सगळ्यात चांगली असं नसतं. भाजल्यावर काही दिवस बीतून वायू निघत राहतो. अशी पूड गरम पाणी पडताच फुगते आणि पाणी नीट भिनत नाही. सात ते चौदा दिवस झालेली मिळाली तर उत्तम. तिला मिळालेली नऊ दिवसांची होती.

मग दळण. यंत्रावरचे आकडे प्रत्येक ठिकाणी वेगळे, ते पाठ करून उपयोग नाही. चिमूटभर पूड मागा आणि बोटांत चोळून बघा. बारीक रव्यासारखी लागली पाहिजे. पिठीसाखरेसारखी झाली तर भोकं बुजतात, जाड रव्यासारखी राहिली तर पाणी धावत खाली जातं. इथे चिकोरीचा हिशेब लक्षात ठेवा. चिकोरी पाणी धरून ठेवते, त्यामुळे आपल्याकडची पूड सावकाश उतरते. इथली कॉफी निव्वळ असते, म्हणून नेहमीपेक्षा किंचित बारीक दळायला सांगा. आणि 250 ग्रॅमच घ्या. एका वेळी 25 ग्रॅम पूड धरली तर दहा वेळा होते, आणि दळलेल्या पुडीचा वास पंधरवड्यात बराच उतरतो.

घरी तिने 25 ग्रॅम पूड घातली, वरची चकती हलकेच दाबली, उकळी येऊन गेलेलं 120 मिलिलिटर पाणी ओतलं आणि घड्याळ लावलं. सात मिनिटांत सगळं खाली. तिने मला फोन केला, “काकू, रंग छान आलाय, पण दुधात कॉफी लागतच नाही.” आंबट नव्हती म्हणजे बी बरोबर होती, फक्त दळण जाड पडलं होतं. आंबट लागलं असतं तर आधी बीवर संशय घेतला असता. त्या पाकिटापुरतं मी तिला चकती जरा जोर देऊन दाबायला आणि पाणी थोडं थोडं करून दोनदा ओतायला सांगितलं. बारा मिनिटांवर आलं, पिण्याजोगं झालं.

दुसऱ्या खेपेला तिने त्याच मुलाला सांगितलं, “सात मिनिटांत उतरतंय, मला पंधरा ते वीस हवीत.” त्याने यंत्र दोन खाचा बारीक केलं, आणि पाकिटाच्या मागे पेनने तो आकडा लिहून दिला. आता ती ते रिकामं पाकीट घेऊन जाते. चिकोरीची तिच्या नवऱ्याला फारच आठवण येते, म्हणून भारतीय दुकानातली चिकोरीवाली पूड चार चमच्यांना एक या मापाने त्यात मिसळतात. तसं केलं की थेंब आणखी सावकाश पडतात, तेव्हा दळण पुन्हा एक खाच जाड करून घ्यावं लागतं.